एसएल कॉस्टला आणायची घाई

ट्रेड घेतला, भाव आपल्या बाजूला थोडा सरकला, स्क्रीनवर हिरवा आकडा दिसायला लागला की बोट आपोआप स्टॉपलॉसच्या, म्हणजे तोटा ठरलेल्या भावाला थांबवणाऱ्या एसएलच्या, ऑर्डरवर जातं. एसएल उचलायचा आणि जिथे एन्ट्री घेतली त्याच भावाला नेऊन ठेवायचा. याला ट्रेडर लोक एसएल कॉस्टला आणणं म्हणतात, कुणी ब्रेकईव्हन म्हणतं, आणि हे केल्यावर जे वाक्य हमखास येतं ते म्हणजे "आता हा ट्रेड फ्री आहे, आता काही जात नाही". मला या वाक्याबद्दल बरंच बोलायचंय कारण माझ्या मते चांगले ट्रेड अर्ध्यात तुटण्यामागे एवढं मोठं कारण दुसरं क्वचितच असेल, आणि गंमत म्हणजे हे शिस्तीच्या नावाखाली होतं त्यामुळे कुणाला खटकतही नाही. एसएल न लावणाऱ्याला सगळे ओरडतात. एसएल लवकर कॉस्टला आणणाऱ्याला मात्र सगळे शाबासकी देतात.

सगळ्या प्रकारच्या ट्रेडबद्दल एकदम बोलण्यात अर्थ नाही, म्हणून मी एकच प्रकार घेते, ब्रेकआउट. कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि ते का होतं हे चार्टवर अगदी स्वच्छ दिसतं.

माझी एक मैत्रीण बरीच वर्षं ट्रेडिंग करतेय, ती मला तिच्या जर्नलची पानं दाखवते आणि आम्ही त्यावर तासन्तास बोलतो. त्यातलाच एक ट्रेड सांगते. पंधरा मिनिटांचा चार्ट होता. भाव 488 ते 500 च्या रेंजमध्ये अडकलेला, 500 ला तीन-चार वेळा टेकून खाली आलेला. मग एक कॅन्डल 500 च्या वर बंद झाली आणि तिने 502 ला खरेदी केली. रेंजमधला शेवटचा स्विंग लो, म्हणजे जिथून भाव परत वर वळला तो तळ, 493.5 होता, म्हणून त्याच्या खाली थोडी जागा सोडून एसएल 492 ला. म्हणजे रिस्क 10 पॉइंट. ट्रेडर या सुरुवातीच्या रिस्कला 1 आर म्हणतात, आणि मीही पुढे तेच माप वापरणारे, कारण त्याने वेगवेगळे ट्रेड एका फुटपट्टीत मोजता येतात. टार्गेट 522, म्हणजे 2 आर. इथपर्यंत सगळं विचार करून केलेलं, चूक काढायला जागा नाही.

पुढच्या दोन कॅन्डलमध्ये भाव 508 ला गेला. सहा पॉइंट नफा, 0.6 आर. तिने एसएल 502 ला आणला. मग भावाचा जोर कमी झाला, 505, 503, असं करत करत तो 500.5 पर्यंत खाली आला, वाटेत तिचा एसएल उडाला, आणि स्लिपेजमुळे, म्हणजे ऑर्डर ठरवल्यापेक्षा जरा वाईट भावाला भरली गेल्यामुळे, भरला गेला 501.8 ला. तिथून भाव वळला. 516 ला गेला, 511.5 ला परत आला, आणि मग 523. टार्गेट लागलं, पण ट्रेडमध्ये ती नव्हती.

आता या ट्रेडकडे नीट बघा. एन्ट्रीनंतर भाव तिच्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला? दीड पॉइंट. 0.15 आर. मूळ एसएल 492 ला होता, त्याच्या आसपाससुद्धा भाव फिरकला नाही. म्हणजे ट्रेड बरोबर होता, एन्ट्री बरोबर होती, पहिला एसएल बरोबर होता, टार्गेट बरोबर होतं, आणि तरी हातात काहीच आलं नाही, उलट ब्रोकरेज आणि ते 0.2 पॉइंटचं स्लिपेज गेलं. "फ्री ट्रेड" हा शब्द इथेच चुकतो. कॉस्टला आणलेला एसएल कॉस्टला कधीच भरत नाही, स्प्रेड, ब्रोकरेज आणि स्लिपेज धरून तो नेहमी थोडा तोट्यातच भरतो, विशेषतः अशा लेव्हलला जिथे खूप लोकांच्या ऑर्डर एकाच वेळी फुटतात.

आणि 500 च्या जरा वरचा हा पट्टा तशीच जागा होती. ब्रेकआउट म्हणजे काय तर जिथे आधी विकणारे बसलेले होते ती लेव्हल भावाने ओलांडली. ओलांडल्यावर काही जण नफा घेतात, आधी विकून अडकलेले लोक भाव परत जवळ येईल आणि बाहेर पडता येईल याची वाट बघत असतात, ज्यांची गाडी चुकली ते 500 जवळ खरेदीच्या लिमिट ऑर्डर लावून बसतात. पहिला धक्का ओसरला की वर खरेदी करणारं लगेच कुणी उरत नाही आणि भाव त्या लिमिट ऑर्डरकडे खाली येतो. यालाच रिटेस्ट म्हणतात. सगळे ब्रेकआउट रिटेस्ट करत नाहीत, पण जे करतात ते कुठे करतात? तुटलेल्या लेव्हलला. आणि ब्रेकआउट ट्रेडरची एन्ट्री कुठे असते? त्याच लेव्हलच्या जरा वर. म्हणजे कॉस्टला आणलेला एसएल नेमका त्या जागी जाऊन बसतो जिथे निरोगी ट्रेडसुद्धा सहज परत येऊ शकतो. चार्टवर दुसरी कुठलीही जागा निवडली असती तरी याहून वाईट निवड क्वचितच झाली असती.

हेच अंतराच्या भाषेत बघू. एटीआर हे माप जे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलं, एका कॅन्डलमध्ये भाव सरासरी किती हलतो ते त्यातून कळतं, आधीच्या बंद भावापासूनची गॅपही त्यात धरतात. तिच्या चार्टवर तेव्हा एटीआर साधारण 4 पॉइंट होता. सुरुवातीचा एसएल एन्ट्रीपासून 10 पॉइंट लांब होता, म्हणजे अडीच एटीआर. एवढी जागा तिने स्वतःच ठरवली होती, कारण त्याहून कमी जागेत नुसत्या रोजच्या हालचालीने एसएल उडतो हे तिला माहीत होतं. आता भाव 508 ला असताना एसएल 502 ला आणला तेव्हा अंतर किती राहिलं? 6 पॉइंट, दीड एटीआर. भाव वर गेला म्हणून मार्केटची हालचाल काही शांत झाली नव्हती, उलट ब्रेकआउटनंतर ती सहसा वाढते. तरीही भावाला वावरायला दिलेली जागा चाळीस टक्क्यांनी कमी केली गेली. तिला जर कुणी एन्ट्रीच्या वेळीच सांगितलं असतं की 10 ऐवजी 6 पॉइंटचा एसएल ठेव, तर तिने ते मान्य केलं नसतं, ही जागा कमी आहे असं सांगितलं असतं तिने. अर्ध्या तासाने तेच तिने आपणहून केलं.

मग ते केलं कशासाठी? मी तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, सहा पॉइंट दिसत होते आणि ते तोट्यात गेलेले मला बघवले नसते." हे अगदी खरं उत्तर आहे. आणि याच्या मागे जे आहे त्यावर काम झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवलं की माणूस नफा-तोटा एका संदर्भबिंदूपासून मोजतो आणि त्या बिंदूच्या खालचा तोटा त्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त टोचतो. ट्रेडरचा तो बिंदू म्हणजे त्याचा खरेदीचा भाव. अर्थतज्ज्ञ शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्ये यावरूनच लिहिलं की लोक नफ्यातली पोझिशन लवकर विकतात आणि तोट्यातली धरून बसतात. एसएल कॉस्टला आणणं हे मला त्याच सवयीचं जरा सुधारलेलं रूप वाटतं, म्हणजे विकत तर नाही पण विकलं जाईल अशी सोय करून ठेवतो.

502 हा आकडा चार्टवर कुणाच्या लेखी काही नव्हता. 500 ला अर्थ होता, कारण तिथे विकणारे होते. 493.5 ला अर्थ होता, कारण तो मोडला असता तर वर जाणारी रचनाच मोडली असती. 502 ला फक्त एका माणसासाठी अर्थ होता. 501.8 ला भाव असताना "ब्रेकआउट फसला" असं चार्ट कुठेही सांगत नव्हता. एसएल म्हणजे जिथे आपला विचार चुकीचा ठरतो ती जागा, निदान मी तरी तसंच मानते, आणि तो कॉस्टला आणला की "माझा विचार चुकला का" हा प्रश्न सुटून जातो आणि त्या जागी "माझा पैसा गेला का" हा प्रश्न येऊन बसतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण इथे भावनेपेक्षा हिशोब जास्त बोलतो. समजा आपल्याला काहीच कळत नाही, भाव पूर्ण बेभरवशाचा आहे, वर आणि खाली जायची शक्यता सारखी. एसएल 1 आर, टार्गेट 2 आर. असे 12 ट्रेड घेतले आणि एसएलला हातच लावला नाही, तर सरासरी 4 ट्रेड टार्गेटला जातात आणि 8 एसएलला. 8 आर आले, 8 आर गेले. शून्य. आता 1 आर नफा दिसला की एसएल कॉस्टला, असा नियम केला तर सरासरी 3 टार्गेटला, 3 कॉस्टला, 6 एसएलला. सहा आले, सहा गेले. परत शून्य. अर्धा आर दिसल्यावरच कॉस्टला आणला तर 2 टार्गेटला, 6 कॉस्टला, 4 एसएलला, आणि बेरीज पुन्हा शून्य. म्हणजे जिथे आपल्याकडे काहीच कौशल्य नाही तिथे हा नियम ना मदत करतो ना नुकसान. फक्त तोट्याचे ट्रेड 8 वरून 4 वर आलेले दिसतात आणि त्याने फार बरं वाटतं. जिंकणारे ट्रेडही 4 वरून 2 वर आलेत हे कुणी मोजत नाही.

पण आपण ट्रेड घेतो तो काहीतरी कळतंय म्हणूनच ना. मग त्याच हिशोबात भावाला आपल्या दिशेने थोडासा कल देऊ, इतका की एसएलला हात न लावता 100 पैकी 45 ट्रेड टार्गेटला जातील. 90 आर आले, 55 गेले, 35 आर नफा. आता तोच कल, तेच ट्रेड, पण 1 आरला एसएल कॉस्टला. 34 टार्गेटला, 24 कॉस्टला, 42 एसएलला. 68 वजा 42, नफा 26 आर. आणि अर्ध्या आरलाच कॉस्टला आणलं तर 23 टार्गेटला, 49 कॉस्टला, 28 एसएलला. 46 वजा 28, नफा 18 आर. पस्तीसाचे अठरा झाले. त्यात प्रत्येक ट्रेडचा खर्च, ब्रोकरेज स्लिपेज सगळं मिळून, 0.1 आर धरला तर 100 ट्रेडचे 10 आर तिन्ही ठिकाणी सारखेच जातात, कारण कॉस्टला उडालेला ट्रेडही खर्च देतोच, आणि मग राहतात 25, 16 आणि 8. म्हणजे त्याच समजुतीवर, त्याच मेहनतीवर, एक जण दुसऱ्याच्या एक तृतीयांश कमावतो आणि दोघांना वाटतं की आपण एकच पद्धत वापरतोय.

यात एक जागा अशी आहे जिथे डोळा फसतो आणि तिथे मी जरा थांबते. 1 आरच्या नियमात कॉस्टला उडालेले जे 24 ट्रेड आहेत, त्यातले 13 नाहीतर एसएलला गेले असते आणि 11 टार्गेटला. तेरा वाचले, अकरा गेले. जर्नल चाळणारा माणूस म्हणतो, बघ, जास्त वेळा नियमाने मला वाचवलंच. आणि त्याचं मोजणं बरोबर असतं! पण वाचलेला प्रत्येक ट्रेड 1 आरचा आहे आणि गेलेला प्रत्येक 2 आरचा. 13 आर वाचवायला 22 आर दिले. नियम अर्ध्यापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरतो आणि तरीही पैसे घालवतो, म्हणूनच तो सवयीतून जात नाही. दररोज अनुभव त्याची बाजू घेतो.

असं का होतं याचं कारणही सरळ आहे. भाव एन्ट्रीला परत आला याचा अर्थ समोर पुन्हा तोच ट्रेड उभा आहे जो आपण तासापूर्वी विचार करून घेतला होता, तेच टार्गेट, तोच एसएल, तोच भाव. तेव्हा तो घेण्यासारखा होता तर आता सोडण्यासारखा का झाला? याचं उत्तर असू शकतं, मधल्या वेळात काहीतरी बदललेलं असू शकतं, आणि त्याकडे मी येतेच. पण उत्तर न शोधता बाहेर पडणं म्हणजे चांगला ट्रेड फुकट सोडून देणं. आणि गंमत बघा, बरेच जण असे बाहेर पडतात आणि भाव वर निघाला की परत घुसतात. मैत्रिणीने तेच केलं होतं, 511 ला परत खरेदी, एसएल 501. रिस्क पुन्हा 10 पॉइंट, पण टार्गेट आता फक्त 11 पॉइंटवर. 2 आरचा ट्रेड 1.1 आरचा झाला, खर्च दोनदा. आणि 516 वरून भाव 511.5 ला आला तेव्हा घाबरून तीही पोझिशन तिने काढून टाकली, कारण एकदा एसएल उडाल्यावर दुसऱ्यांदा मन तेवढं घट्ट राहत नाही.

मग भीतीचं काय करायचं? भीती खोटी नाही, सहा पॉइंट दिसलेले असताना दहा पॉइंट तोट्यात बाहेर पडणं खरंच जड जातं. माझं म्हणणं असं की ही एसएलची अडचण नाहीये, क्वांटिटीची आहे. वरच्याच हिशोबात, एसएलला हात न लावता फक्त क्वांटिटी पाऊण केली तर 35 आरचे साधारण 26 आर होतात, म्हणजे बरोबर तेवढेच जेवढे 1 आरला कॉस्टला आणून मिळत होते. पण आता कुठलाही ट्रेड हरला तरी मूळ रिस्कच्या तीन चतुर्थांशच जातात, आणि एकूण वर-खाली होणंसुद्धा कॉस्टला आणण्याच्या नियमापेक्षा कमी राहतं. क्वांटिटी निम्मी केली तर साडेसतरा आर, म्हणजे अर्ध्या आरला कॉस्टला आणणाऱ्याच्या जवळपास, आणि हेलकावे त्याच्यापेक्षा बरेच कमी. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, हरणाऱ्या ट्रेडची संख्या कमी होत नाही, 100 त 55 हरणारच, त्यामुळे ओळीने पाच-सहा एसएल लागणं होतं आणि ते सहन करायची तयारी लागते. पण प्रत्येक घाव छोटा असतो, आणि जिंकणारे सगळे 45 ट्रेड जागेवर राहतात. ज्याला एसएल लगेच कॉस्टला न आणता बसवत नाही त्याची पोझिशन त्याच्यासाठी मोठी आहे, याहून वेगळं निदान मला तरी दिसत नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल की अर्धी क्वांटिटी 1 आरला बुक करायची आणि बाकीच्या अर्ध्याचा एसएल मूळ जागीच ठेवायचा. ही पद्धत मला आवडते कारण यात एसएल अर्थ असलेल्या जागी राहतो आणि उरलेली अर्धी एसएलला गेली तरी अर्धा आर आला, अर्धा गेला, हिशोब शून्य. पण ती फुकट नाही. त्याच 100 ट्रेडवर 45 ट्रेड दीड-दीड आर देतात, 13 शून्याला, 42 तोट्यात, नफा साधारण 26 आर. म्हणजे किंमत जवळपास तीच. मनाला जे जास्त झेपतं ते घ्यावं, फक्त त्याची किंमत माहीत असावी.

हा सगळा हिशोब एका गृहीतावर उभा आहे, की भाव एन्ट्रीला परत आला तरी आपल्या बाजूचा कल तसाच राहतो. खऱ्या मार्केटमध्ये तो राहतो की नाही हे ट्रेडच्या प्रकारावर आहे आणि म्हणून ते आपापल्या जर्नलमध्येच बघावं लागतं. पद्धत अवघड नाही. कॉस्टला उडालेला प्रत्येक ट्रेड घ्यायचा आणि त्यापुढे एक रकाना, यानंतर भाव आधी कुठे गेला, मूळ टार्गेटला की मूळ एसएलला. टार्गेट 2 आर असेल तर एक तुटलेला जिंकणारा ट्रेड दोन वाचलेल्या तोट्यांइतका, म्हणून सीमारेषा एक तृतीयांश. तीनपैकी एकापेक्षा जास्त ट्रेड नंतर टार्गेटला गेले असतील तर नियम पैसे घालवतोय. टार्गेट 3 आर असेल तर सीमारेषा चारपैकी एक. टार्गेट जितकं लांब तितका हा नियम महाग, आणि मोठ्या टार्गेटचे ट्रेड घेणारेच लोक सगळ्यात लवकर एसएल वर आणतात हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं.

मोजताना दोन ठिकाणी घसरायला होतं. एक म्हणजे आठवणीवर मोजणं, कारण तुटून पुढे मोठा धावलेला ट्रेड डोक्यात कोरला जातो आणि वाचलेला तोटा विसरला जातो, किंवा कुणाच्या बाबतीत उलट. म्हणून एकही न सोडता सगळे ट्रेड, आणि दहा-पंधरा नाही तर निदान पन्नास-साठ जमल्याशिवाय निकाल काढायचा नाही. दुसरं म्हणजे एकाच मोठ्या कॅन्डलमध्ये एसएल आणि टार्गेट दोन्ही येतात तेव्हा आधी काय लागलं ते त्या कॅन्डलवरून कळत नाही. तिथे छोट्या टाइमफ्रेमवर जाऊन बघावं लागतं, आणि बॅकटेस्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरने तिथे काय गृहीत धरलंय हे तर नक्कीच तपासावं, कारण कॉस्टला आणलेला एसएल आतल्या हालचालीवरच उडतो.

मग एसएल कधीच हलवायचा नाही का? हलवायचा, पण चार्टने नवी जागा दिल्यावर. त्याच ट्रेडमध्ये बघू. भाव 508 वरून 500.5 ला आला, तेव्हा काहीच सिद्ध झालं नव्हतं, एसएल 492 लाच. पण तिथून वळून त्याने 508 ओलांडलं त्या क्षणी 500.5 हा नवा स्विंग लो ठरला. आता भाव परत त्याच्या खाली गेला तर ब्रेकआउटचा विचार खरंच मोडला असं म्हणता येतं, म्हणून एसएल 499 ला. कॉस्टच्या खालीच, पण रिस्क 1 आरवरून 0.3 आर. पुढे 516, मग 511.5, आणि परत 516 च्या वर गेल्यावर 511.5 हा पुढचा स्विंग लो, एसएल 510 ला. आठ पॉइंट नफा बांधला गेला. एसएल 492 वरून 499 आणि 499 वरून थेट 510, 502 ला तो एकदाही थांबला नाही, कारण 502 ला थांबण्यासारखं काही नव्हतंच.

आणि काही ट्रेड खरोखर असे असतात जिथे एन्ट्रीला परत येणं हाच बिघाड असतो. काही मिनिटांचा मोमेंटम ट्रेड, जिथे आपलं म्हणणंच असं असतं की भाव आत्ता सुटेल आणि मागे वळून बघणार नाही. तो वळला म्हणजे म्हणणं चुकलं. तिथे एसएल कॉस्टच्या आसपास आणणं हे विचाराला धरून आहे, आणि मैत्रिणीच्या जर्नलमध्ये तिचे असे ट्रेड वेगळे काढल्यावर तिथे कॉस्टला उडालेल्यांपैकी फारच थोडे नंतर टार्गेटला गेलेले दिसले. ब्रेकआउटच्या पानांवर चित्र उलटं होतं, जवळपास निम्मे गेले होते. एकाच माणसाचा एकच नियम, एका ठिकाणी बरोबर आणि एका ठिकाणी महाग. आता तिने दोन्हींचे रकानेच वेगळे केलेत. ब्रेकआउटमध्ये ती वेळेची अट लावते, ठरलेल्या कॅन्डलमध्ये भावाने नवा हाय केला नाही आणि नुसताच एन्ट्रीजवळ रेंगाळला तर ती स्वतः बाहेर पडते, एसएल मात्र मूळ जागी ठेवून. रेंगाळणं आणि रिटेस्ट यातला फरक तिला आता दिसायला लागलाय, रिटेस्टमध्ये लेव्हलला टेकून लगेच खरेदी येते, रेंगाळण्यात कॅन्डल लहान होत जातात आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा खुजी असते.

एखादी मोठी ठरलेली घोषणा तोंडावर असेल तेव्हाही लोक एसएल कॉस्टला आणून निश्चिंत होतात, आणि तिथे तर तो सगळ्यात कमी उपयोगाचा, कारण अशा वेळी भाव 502 ला न थांबता 505 वरून थेट 496 ला उडी मारू शकतो आणि एसएल 496 ला भरतो. त्या आधी मैत्रिणीने निम्मी पोझिशन काढून टाकायला सुरुवात केलीये, बाकीच्याचा एसएल 492 लाच असतो.